काउंटरवरचं काम कागदावर आण

ताई, मी २०२३ मध्ये मराठी घेऊन बी.ए. झाले. तेव्हापासून नाशिकच्या सिडकोत एका कुरिअरच्या फ्रँचायझीत काउंटरला बसते. पगार नऊ हजार, रोख. 'एनी ग्रॅज्युएट' लिहिलेली जाहिरात दिसली की अर्ज करते, पण फोन येतो तो लोन नाहीतर क्रेडिट कार्ड विकायच्या कामाचा. सपोर्टला अर्ज केला तर बी.ई. मागतात. एका कन्सल्टन्सीने साडेतीन हजार रजिस्ट्रेशन मागितलंय. मावसभाऊ म्हणतो, ऐंशी हजारांचा कोडिंगचा कोर्स कर, त्याशिवाय आता काही खरं नाही. माझी बी.कॉम. झालेली मैत्रीणही अशीच अडकली आहे. इंग्रजी वाचता येतं, लिहिते बेताचं, बोलताना अडखळते. आम्हाला ऑपरेशन्स, कंटेंट, सपोर्ट यांतलं काही मिळेल का? सुरुवात कुठून करू?
— पाथर्डी फाट्याहून एक वाचक

कोर्सचे ऐंशी हजार भरू नकोस आणि कन्सल्टन्सीला साडेतीन हजारही देऊ नकोस. कोडिंग वाईट आहे म्हणून नाही. तू ज्या तीन कामांबद्दल विचारते आहेस, त्यांच्या मुलाखतीत कोडिंग कुणी विचारतच नाही. आणि माणूस कामावर ठेवणारी कंपनी आपली फी माणसाकडून घेत नाही. कन्सल्टन्सी खरी असेल तर तिचे पैसे कंपनी देते. 'रजिस्ट्रेशन', 'ट्रेनिंग किट', 'लॅपटॉपचं डिपॉझिट', यांतलं काहीही मागितलं की तिथून उठायचं.

माझी नोकरी बरीचशी अशाच जागांची भरती करण्यात गेली, म्हणून आधी जाहिरात कशी वाचायची ते सांगते. जाहिरातीचं नाव वाचू नकोस, खालचा कामाचा मजकूर वाच. 'टार्गेट', 'इन्सेंटिव्ह', 'अनलिमिटेड अर्निंग', 'लीड', 'स्वतःची बाइक' असे शब्द आले की ते विक्रीचं काम, वर कस्टमर सपोर्ट लिहिलं असलं तरी. 'एसक्यूएल', 'लिनक्स', 'सर्व्हर', 'एल-टू' दिसलं की ते टेक्निकल सपोर्ट. बी.ई. तिथे मागतात आणि तिथे ते मागणं बरोबरही आहे. तुझ्या कामाच्या जाहिरातीत शब्द वेगळे असतात: तिकीट, क्वेरी, एस्कलेशन, चॅट, ईमेल. ऑपरेशन्सच्या जाहिरातीत एमआयएस, रिकन्सिलिएशन, डिस्पॅच, व्हेंडर, डॉक्युमेंटेशन हे शब्द दिसतील. साइटवर शोधताना नुसतं 'Customer Support' टाकलंस तर पुन्हा विक्रीचाच ढीग पुढे येईल. त्याऐवजी `Chat Process`, `Non Voice`, `Back Office Executive`, `MIS Executive`, `Marathi` असे शब्द टाकून पाहा. शेवटचा खास तुझ्यासाठी. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या ग्राहकांसाठी लोक लागतात तेव्हा तो शब्द जाहिरातीत असतो, आणि तिथे इंग्रजी बोलण्यातली अडखळ आड येत नाही.

आता तुझ्या काउंटरबद्दल. पत्रात तू ते एका वाक्यात उरकलंस, पण माझ्या दृष्टीने तुझा सगळा अर्ज तिथेच आहे. तू रोज एडब्ल्यूबी, म्हणजे पार्सलाचा ट्रॅकिंग नंबर, टाकून पार्सल कुठे अडकलं ते पाहतेस. सकाळी रनशीट, म्हणजे त्या दिवशी वाटायच्या पार्सलांची यादी, निघते, संध्याकाळी डिलिव्हरीची मुलं परत आली की किती पार्सलं पोहोचली, किती परत आली याचा मेळ लागतो. परत आलेल्यांची कारणं एनडीआरमध्ये, म्हणजे न पोहोचलेल्या पार्सलांच्या नोंदीत, भरतेस: पत्ता अपुरा, फोन उचलला नाही, ग्राहकाने नाकारलं, सीओडीचे पैसे तयार नव्हते. काही पार्सलं शेवटी आरटीओ होऊन पाठवणाऱ्याकडे जातात. आणि या सगळ्यात समोर कुणीतरी तावातावाने उभा असतो, त्याला तू उत्तर देतेस. यातला पहिला भाग म्हणजे ऑपरेशन्स, शेवटचा म्हणजे सपोर्ट. ऑनलाइन दुकानांना, मालवाहतूक कंपन्यांना, गोदामांना हे शब्द जाणणारा माणूस हवा असतो, कारण नव्या माणसाला एनडीआर म्हणजे काय हे समजावण्यातच त्यांचे पहिले काही आठवडे जातात.

म्हणून बायोडेटात 'काउंटर असिस्टंट, ग्राहकांशी संवाद' असं लिहू नकोस. त्यातून कुणाला काही कळत नाही. असं लिही: 'रोजच्या रनशीटचा डिलिव्हरी यादीशी मेळ, न पोहोचलेल्या पार्सलांची कारणवार नोंद, सीओडी रकमेचा रोजचा हिशेब, काउंटरवर आणि फोनवर तक्रारींचं निवारण.' त्यापुढे दिवसाला साधारण किती पार्सलं येतात तो आकडा घाल, पण खरा. मुलाखतीत त्याच आकड्यावरून पुढचा प्रश्न येतो आणि फुगवलेला आकडा तिथे दोन मिनिटांत उघडा पडतो. 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर' वगैरे काढून टाक. बायोडेटा एक पान पुरे.

अशा जागांच्या निवडीत बहुतेक ठिकाणी एक छोटी कामाची परीक्षा असते आणि खरी निवड तिथेच होते. सपोर्टला लेखी उत्तरांची, ऑपरेशन्सला एक्सेलची. दोन्ही नीट समजून घे.

लेखी परीक्षेत तीन-चार ग्राहकांचे मेल देतात, सोबत कंपनीच्या नियमांचं एक पान, आणि अर्धा-पाऊण तास. समज, मेल असा आहे: 'तुमच्या अॅपवर पार्सल काल डिलिव्हर झालं असं दाखवतंय. मला काहीही मिळालेलं नाही. तीनदा फोन केला, कुणी उचलत नाही. माझे पैसे परत करा.' सोबतच्या नोंदीत दिसतं की काल सायंकाळी ५:४० ला डिलिव्हरी झाली आणि घेणाऱ्याच्या जागी 'सिक्युरिटी' असं लिहिलंय. नियमाच्या पानावर लिहिलंय की परताव्याचा निर्णय टीम लीडर घेईल.

दहातले आठ उमेदवार काय लिहितात ते सांगते: 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. लवकरात लवकर कार्यवाही केली जाईल.' चूक काहीच नाही, पण यात ग्राहकाला नवीन काय कळलं? काहीच नाही. तो चौथा फोन करणार. उरलेल्या दोघांतला एक घाबरून लिहितो, 'आपले पैसे दोन दिवसांत परत मिळतील.' हा सरळ नापास, कारण जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊन बसला.

मी ज्याला पुढे पाठवीन असं उत्तर साधारण असं असतं:

'नमस्कार. तुमचा फोन तीनदा लागला नाही याबद्दल माफ करा. आमच्या नोंदीनुसार पार्सल काल सायंकाळी ५:४० ला तुमच्या इमारतीत सिक्युरिटीकडे दिलेलं दिसतं. ते तुमच्यापर्यंत आलेलं नाही, हे मी नोंदवून घेतलं आहे. गेटवर एकदा विचारून पाहाल का? दरम्यान पार्सल नेमकं कुणाच्या हातात दिलं, ते मी डिलिव्हरी करणाऱ्या सहकाऱ्याकडून विचारून घेते. आज सायंकाळी ६ पर्यंत तुम्हाला याच मेलवर कळवते. पार्सल सापडलं नाही तर परताव्याची विनंती आमच्या टीम लीडरकडे जाईल. त्यासाठी ऑर्डरच्या बिलाचा फोटो आत्ताच पाठवून ठेवलात तर वेळ वाचेल.'

यात काय काय झालं ते पाहा. माफी एका नेमक्या गोष्टीची मागितली. फोन लागला नाही ही आपली चूक आहे. पार्सल कुठे गेलं हे अजून माहीत नाही, त्यामुळे तिथे माफीही नाही आणि कुणावर ठपकाही नाही. 'आमच्या मुलाने चूक केली' किंवा 'तुमच्या वॉचमनकडे आहे' असं एकही वाक्य नाही. नोंदीत जे दिसलं ते वेळेसकट सांगितलं. पुढे कोण काय करणार आणि किती वाजेपर्यंत, ते ठरलं. पैशाचा प्रश्न टाळला नाही, पण कुणाच्या अखत्यारीत आहे ते सांगून ठेवला.

याच्याखाली एक आतली नोंद लिही, ग्राहकाला न दिसणारी: '५:४० डिलिव्हर्ड, रिसीव्हर सिक्युरिटी. रायडरला २:१५ ला फोन, उत्तर नाही, ४ ला पुन्हा करायचा. ६ ला ग्राहकाला मेल बाकी. सापडलं नाही तर परतावा टीम लीडरकडे.' परीक्षेत ही कुणी मागत नाही. पण शिफ्ट संपून दुसरा माणूस बसतो तेव्हा त्याला हीच नोंद कामाला येते, आणि ती लिहिणाऱ्या उमेदवाराकडे आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्यांदा पाहतो. मग मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: 'सहा वाजले, रायडर अजून फोन उचलत नाही, आता?' उत्तर आहे: तरीही सहाला मेल करायचा. 'अजून माहिती मिळाली नाही, उद्या सकाळी ११ पर्यंत पुन्हा कळवते,' एवढंच लिहायचं. खरी माणसं इथेच चुकतात. सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प बसतात आणि ग्राहक कातावतो.

चार मेलांपैकी एकात नकार द्यावा लागतो, तो सापळाच असतो. नियम म्हणतो, वस्तू ७ दिवसांत परत घेऊ, आणि ग्राहक नवव्या दिवशी लिहितोय. तिथे 'शक्य तेवढा प्रयत्न करतो' असं लिहून त्याला लटकत ठेवू नकोस. 'परतीची मुदत ७ दिवसांची आहे आणि ती परवा संपली, त्यामुळे ही वस्तू परत घेता येणार नाही' असं सरळ लिही. वस्तू बिघडलेली असेल आणि वॉरंटी चालू असेल तर तो रस्ता त्याच मेलमध्ये दाखव. नसेल तर उगाच गोड बोलून वाढवू नकोस.

इंग्रजीचं म्हणशील तर याच मेलाचं उत्तर इंग्रजीत लिहायचा सराव कर. मराठीतून भाषांतर करून नको, थेट इंग्रजीत. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवलीस की बेताचं इंग्रजीही पुरतं. जे तपासलं ते भूतकाळात, जे करणार ते भविष्यकाळात, संपलं. 'काइंडली डू द नीडफुल'ला हात लावू नकोस. अर्ज नाशिकचा असो वा नागपूरचा, हे वाक्य त्यात असतंच, आणि वाचणाऱ्याला त्यातून नक्की काय करायचं ते कधीच कळत नाही. तुझ्या काउंटरवर रोज तक्रारी येतात. नावं, नंबर, पत्ते गाळून त्यांतल्या वेगवेगळ्या दहा-बारा निवड आणि त्यांची उत्तरं मराठीत आणि इंग्रजीत लिहून काढ. मैत्रिणीला वाचायला दे आणि एकच विचार: 'हे वाचून तू परत फोन करशील का?' कंपन्यांमध्ये हे काम झेनडेस्क, फ्रेशडेस्क अशा सॉफ्टवेअरवर चालतं. त्यांची काही दिवसांची मोफत ट्रायल मिळते. स्वतःलाच मेल पाठवून पाच-सहा तिकिटं, म्हणजे तक्रारीच्या नोंदी, उघड, बंद कर, नोंदी लिही. मुलाखतीत 'हे वापरलंय का?' असं विचारलं तर खोटं न बोलता हो म्हणता येईल. त्यासाठी कोर्स लागत नाही, एक रविवार पुरतो.

आता एक्सेल. हे तुझ्यापेक्षा तुझ्या मैत्रिणीने जास्त लक्ष देऊन वाचावं. बी.कॉम.वाल्याला मेळ कसा लागतो ते आधीच ठाऊक असतं, फक्त तो शीटवर लावता यायला हवा. एमएस-सीआयटी तुम्ही दोघींनी केलेलं असेलच, पण परीक्षेत जे विचारतात ते त्याच्या पुढचं असतं. सगळ्यात नेहमीचा प्रश्न: दोन याद्या दिल्या आहेत, पहिलीत आहेत पण दुसरीत नाहीत असे नंबर काढा.

तुझंच काम घे. सकाळच्या रनशीटवर ४० एडब्ल्यूबी आहेत. संध्याकाळच्या डिलिव्हरी यादीत ३१ आहेत, ती दुसऱ्या शीटवर, नाव `POD`. पहिल्या शीटवर नंबरांशेजारच्या रकान्यात हा फॉर्म्युला टाकायचा आणि खाली ओढायचा:

```
=IF(COUNTIF(POD!A:A,A2)=0,"बाकी","पोहोचलं")
```

असेच नंबर `VLOOKUP` लावूनही निघतात आणि परीक्षेत बहुधा त्याचंच नाव घेतात:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,POD!A:A,1,FALSE),"बाकी")
```

शेवटचं `FALSE` विसरलीस तर एक्सेल जवळपासचा नंबर उचलून आणतं आणि सगळं बरोबर आहे असा भास होतो. पण खरी गंमत याच्या पुढे आहे. ४० मधून ३१ गेले, म्हणजे 'बाकी' ९ यायला हवेत. परीक्षेच्या फाइलमध्ये `VLOOKUP` लावल्यावर येतात १२. इथे बरेच जण १२ लिहून मोकळे होतात. ज्याने आधी मनात वजाबाकी केली आहे तो थांबतो: तीन जास्त कुठून आले? म्हणजे तीन पार्सलं पोहोचली आहेत, पण शीटला ती ओळखता येत नाहीत.

कारण बहुधा दोनपैकी एक असतं. एक म्हणजे नंबराच्या शेवटी चिकटलेली रिकामी जागा. व्हॉट्सअॅपवरून कॉपी करून चिकटवलेल्या नंबरांत ती हमखास येते. शंका आली की `=LEN(A2)` लावून पाहा. नंबर १२ आकडी असेल आणि उत्तर १३ आलं तर जागा आहे. `=TRIM(A2)` ने सहसा ती जाते. दुसरं कारण, एका यादीत नंबर 'नंबर' म्हणून आहे आणि दुसरीत 'टेक्स्ट' म्हणून. डोळ्यांना सारखेच दिसतात, `VLOOKUP` साठी वेगळे. रकान्याला कुठलंही अलाइनमेंट दिलेलं नसेल तर टेक्स्ट डावीकडे चिकटतं आणि नंबर उजवीकडे, यावरून ओळखायचं. खात्री करायची तर `=ISTEXT(A2)`. दोन्ही याद्या एकाच प्रकारात आणल्या की १२ चे ९ होतात.

अजून एक गोष्ट सांगते, कारण ती प्रत्यक्ष कामात अंगाशी येते. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नंबर अचूक ठेवतं. १६ आकडी ट्रॅकिंग नंबर साध्या रकान्यात टाकलास तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो आणि तो मागून परत येत नाही. म्हणून असे नंबर टाकण्याआधीच रकान्याचा प्रकार टेक्स्ट करायचा. सुरुवातीला शून्य असलेल्या नंबरांचंही तेच, नाहीतर ते शून्य गळून पडतं.

'बाकी'चे ९ निघाले की त्यांची कारणं लाव आणि पिव्होट टेबल टाकून कुठल्या भागात कुठलं कारण जास्त येतं ते काढ. समज, आठवडाभराच्या शीटवर दिसलं की पाथर्डी फाट्याच्या नव्या बिल्डिंगांमध्ये 'पत्ता अपुरा' सारखा येतोय, कारण ग्राहक नुसतं सोसायटीचं नाव लिहितात, विंग लिहीत नाहीत. मग बुकिंगच्या वेळी विंग विचारायची आणि पुढच्या आठवड्यात आकडा हलतो का ते बघायचं. हलला तर तो बायोडेटात जातो. नाही हलला तरी मुलाखतीत सांगण्यासारखी गोष्ट तुझ्याकडे असते, कारण मग कारण दुसरंच काहीतरी होतं आणि ते तू शोधलंस. ही शीट स्वतःच्या हिशेबाने नव्याने बनव. मालकाचा डेटा, ग्राहकांची नावं आणि फोन नंबर बाहेर न्यायचे नाहीत. मुलाखतीला अशी फाइल घेऊन येणाऱ्या माणसाला आम्ही घेत नाही, कारण उद्या तो आमचीही नेईल.

कंटेंटबद्दल थोडक्यात. नाशकात 'कंटेंट रायटर' म्हणून जी जाहिरात येते ती बऱ्याचदा कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या छोट्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीची असते. तिथे लिहिण्याबरोबर पोस्टर बनवणं, रील कापणं हेही तूच करायचं असतं. 'कंटेंट मॉडरेशन' हा तर वेगळाच प्रकार आहे. त्यात लोकांनी टाकलेले फोटो-व्हिडिओ पाहून ठेवायचे की काढायचे ते ठरवायचं असतं आणि त्यात मारहाण, रक्त असलं बरंच काही दिवसभर डोळ्यांसमोर येतं. जाहिरातीत ते एवढं स्पष्ट लिहीत नाहीत, म्हणून आधीच विचार. मराठीच्या पदवीधराला मला सगळ्यात योग्य वाटतं ते काम म्हणजे अॅपमधले मराठी मजकूर आणि मदतीची पानं. 'पार्सल मिळालं नाही तर काय करायचं' हे पान तू आजच दीडशे शब्दांत लिहू शकतेस, कारण त्यावर कोण काय विचारतं ते तुला तोंडपाठ आहे. असे तीन नमुने युनिकोडमध्ये टाइप करून ठेव. कुणी 'सॅम्पल' म्हणून पाच पूर्ण लेख फुकट मागितले तर एकच छोटा द्यायचा आणि बाकीच्यांचा दर विचारायचा.

कुठे शोधायचं? डब्ल्यूएनएस, डेटामॅटिक्स अशांची केंद्रं नाशकात आहेत, तिथे अर्ज करच. पण सगळे तिथेच रांग लावतात. ऑपरेशन्सच्या जागा जास्त करून अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत आणि त्यांचा माल वाहणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत असतात, फक्त त्यांचं नाव तसं नसतं. 'डिस्पॅच कोऑर्डिनेटर', 'बिलिंग असिस्टंट', 'बॅक ऑफिस', अगदी 'कॉम्प्युटर ऑपरेटर' म्हणूनही जाहिरात येते. ई-वे बिल काढणं, पीओडी, म्हणजे माल पोहोचल्याच्या पावत्या, गोळा करून बिलाला लावणं, गाडी कुठे आहे ते सांगणं, हे काम तुझ्या रोजच्या कामाच्या शेजारचंच आहे. तुझ्या मैत्रिणीने मोठ्या रुग्णालयांचे टीपीए, म्हणजे आरोग्यविम्याच्या दाव्यांचे, डेस्कही पाहावेत. कॅशलेससाठी कागद गोळा करणं, विमा कंपनीच्या क्वेरींना उत्तर देणं हे तिथलं काम, आणि त्याला विज्ञानाची पदवी लागतेच असं नाही. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम असतो. दिंडोरी, पिंपळगावकडच्या निर्यातदारांना तेव्हा कागदपत्रांच्या कामाला माणसं लागतात. काम हंगामी असतं, तास बेसुमार असतात, पण डॉक्युमेंटेशनचा अनुभव तिथे झटकन मिळतो.

कंपनीचं नाव ऐकलेलं नसेल तर एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर कंपनी नोंदलेली आहे का ते पाहा आणि जीएसटी पोर्टलवर तिचा जीएसटी नंबर तपास. प्रत्येक छोटी फर्म एमसीएवर सापडणार नाही, कारण मालकाच्या नावावरची किंवा भागीदारीतली फर्म तिथे नोंदत नाहीत. पण जी स्वतःला 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणवते ती तिथे असायलाच हवी. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग देण्याचं 'वर्क फ्रॉम होम' कुणी दिलं तर ती नोकरी नसते. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

पगाराचा आकडा सीटीसीत, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च धरून, सांगतात, तो हातात येत नाही. समज, महिन्याची सीटीसी २०,००० आहे आणि त्यात बेसिक १२,००० धरलंय. कंपनी भरते तो पीएफ १,४४० आणि ईएसआय साधारण ५८५, हे दोन्ही बहुतेक कंपन्या त्या वीस हजारांतच धरतात. उरले सुमारे १७,९७५. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ईएसआय साधारण १३५ कापला जाईल. हातात सुमारे १६,४००. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसायकर नाही, तुझ्या जागी पुरुष असता तर आणखी २०० गेले असते. पीएफ कापतात पण भरत नाहीत असंही होतं, म्हणून रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी ईपीएफओचं पासबुक उघडून पाहा. रात्रपाळी असेल तर रात्री साडेनऊनंतर तुझ्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही आणि घरी सोडायची व्यवस्था कंपनीने करायची असते. पाथर्डी फाट्यापर्यंत गाडी येते की द्वारकेवर सोडून देतात, ते ऑफर घेण्याआधीच विचार. मूळ मार्कशीट आणि पदवी कुणाकडेही ठेवायची नाही. दाखवायची आणि परत घ्यायची.

एक अडचण मात्र आजपासूनच हाताळ. तुझा पगार रोख आहे. मोठ्या कंपनीत निवड झाली की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, तेव्हा सॅलरी स्लिप नाहीतर बँक स्टेटमेंट मागतात, आणि तुझ्याकडे दोन्ही नाही. म्हणून आधी मालकाला विनंती कर की इथून पुढचा पगार खात्यात किंवा यूपीआयने द्या. ते मानले नाहीत तरी लेटरहेडवर अनुभवपत्र माग, आणि तू नोकरी सोडतेयस हे कळण्याआधी माग. त्यात रुजू झाल्याची तारीख, पद, कामाचं स्वरूप, महिन्याचा पगार रोख दिला जात होता हे वाक्य, सही, शिक्का आणि पडताळणीसाठी त्यांचा फोन नंबर असावा. मजकूर तूच टाइप करून ने, त्यांना लिहायला वेळ नसतो. कामाच्या स्वरूपात रनशीट, एनडीआर आणि सीओडीचा हिशेब हे तिन्ही शब्द येऊ देत, कारण बायोडेटात तू जे लिहिणार आहेस ते या पत्राशी ताडून पाहिलं जातं.